फी किती आणि सुटणार किती वाजता?

माझी मावसबहीण आणि तिचे यजमान सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दहावीचा क्लास चालवतात. ताई विज्ञान शिकवते, सर गणित. राज्य मंडळ, सेमी इंग्रजी आणि एकच बॅच. मुलं जास्तीत जास्त 36, कारण वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बारा बाक मावतात आणि एका बाकावर तिघं बसतात.

मागच्या वर्षी मे महिन्यात ताईनं नव्या बॅचची जाहिरात इन्स्टाग्रामवर टाकली आणि तीच व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवली. एकच चित्र होतं. वर क्लासचं नाव, मध्ये 'प्रवेश सुरू', 'मर्यादित जागा', 'उज्ज्वल यशाची परंपरा', कोपऱ्यात काळी टोपी उडवणारा पदवीधर मुलगा आणि तळाशी 'अधिक माहितीसाठी संपर्क'.

फोन आले. ताईला एक चांगली सवय आहे. फोन घेतला की कोण, कुठून आणि काय विचारलं हे ती शेजारच्या वहीत टिपते. आठवड्यानं मी ती वही चाळली. बावीस फोन, आणि त्यातल्या सतरा जणांचा पहिला प्रश्न एकच, "फी किती?" नऊ जणांनी पुढं विचारलं होतं, "सुटतो किती वाजता?" यशाच्या परंपरेबद्दल एकानंही विचारलं नव्हतं. शिवाय फी ऐकून "बरं, ह्यांना विचारून सांगते" असं म्हणून फोन ठेवलेल्यांपैकी निम्म्यांचा पुन्हा फोन आलाच नव्हता.

यंदा जाहिरात करायची वेळ आली तेव्हा आम्ही ती वहीच समोर घेतली आणि कॅरोसेल लिहायला बसलो. कॅरोसेल म्हणजे एकाच पोस्टमध्ये एकापुढं एक लावलेली चित्रं. बोटानं डावीकडं सारली की पुढचं दिसतं. इन्स्टाग्रामवर ही सोय 2017 मध्ये आली. तेव्हा दहा चित्रं लावता यायची, 2024 पासून वीस लावता येतात. आम्हाला आठ पुरली. आमची रीत सोपी होती. वहीतला एक प्रश्न म्हणजे एक स्लाइड, आणि जो प्रश्न जास्त वेळा आला तो आधी.

सुटी झालेली स्लाइड

लिहायला लागण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागली. आठ चित्रं आपण क्रमानं लावतो, पण पालकांपर्यंत ती क्रमानं पोचतातच असं नाही. आई दुपारी पोस्ट बघते, फीच्या स्लाइडचा स्क्रीनशॉट काढते आणि कामावर गेलेल्या नवऱ्याला पाठवते. तिकडून तो भावाला जातो, कारण पुतण्यासुद्धा दहावीलाच असतो. म्हणजे क्लासबद्दलचा निर्णय जो घेणार आहे, त्याच्या हातात बहुतेक वेळा एकटी फीचीच स्लाइड असते. तिच्यावर नुसतं '16,000 रुपये' लिहिलेलं असेल, तर कोणत्या क्लासचे, कोणत्या विषयांचे, किती महिन्यांचे, हे त्याला कळायला मार्ग नाही.

इन्स्टाग्रामचीही एक खोड आहे. पहिलं चित्र बघून माणूस पुढं निघून गेला, तर तीच पोस्ट त्याला काही वेळानं दुसऱ्या चित्रापासून दाखवली जाऊ शकते. म्हणून दुसरी स्लाइडसुद्धा पहिलीच्या आधारावर उभी करून चालत नाही.

यावर उपाय म्हणून आम्ही आठही स्लाइडच्या तळाशी एकच पट्टी ठेवली: क्लासचं नाव, 'दहावी बॅच 2026-27' आणि फोन नंबर. साल मुद्दाम घातलं. जुनी फी पुढच्या जूनमध्येसुद्धा कुठल्या तरी कुटुंबाच्या ग्रुपमध्ये फिरत असते, आणि "तुमच्याच मेसेजमध्ये कमी लिहिलंय" असं ऐकून घ्यावं लागतं.

पहिली स्लाइड: हे आपल्यासाठी आहे का?

पहिल्या स्लाइडचं काम लक्ष वेधण्याचं, असा सर्वसाधारण समज आहे. पालकांच्या बाबतीत ती आधी गाळणीचं काम करते. सातवीतल्या मुलाच्या आईनं ती बघून पुढं जावं आणि दहावीतल्या मुलीच्या वडिलांनी थांबावं. आमची पहिली स्लाइड अशी झाली:

> दहावी, राज्य मंडळ, सेमी इंग्रजी
> गणित आणि विज्ञान
> नवी बॅच सोमवार, 15 जूनपासून
> संध्याकाळी 5:45 ते 7:45
> वेळ, फी आणि प्रवेशाची माहिती पुढे

यात 'मर्यादित जागा' नाही. सरांना ते हवं होतं, आणि त्यांच्या बाकांचा हिशेब खराही होता. मग आम्ही तो हिशेबच लिहिला: 'एकूण जागा 36'. हा आकडा प्रवेशाच्या स्लाइडवर टाकला. कोचिंगच्या फसव्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 13 नोव्हेंबर 2024 रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली. जागा संपत आल्याचा खोटा घाईचा देखावा करायला त्यांत मनाई आहे. पन्नासहून जास्त विद्यार्थ्यांच्या केंद्रांना ती लागू होतात. ताईचा क्लास त्याहून लहान आहे. पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा मनाई करतो, आणि तिथं लहानमोठा असा भेद नाही.

दुसरी स्लाइड: वेळ

वेळेच्या स्लाइडवर बहुतेक क्लास सुरू होण्याची वेळ मोठ्या अक्षरात लिहितात. वहीतले प्रश्न मात्र सुटण्याच्या वेळेबद्दलचे होते. कारण साधं आहे. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून येणारी मुलं एसटीनं जातात आणि त्या बाजूची शेवटची गाडी 8 वाजून 10 मिनिटांनी सुटते. क्लासपासून स्टँड चालत दहा मिनिटांवर आहे. मुलीच्या आईला हवं असलेलं उत्तर एवढंच असतं.

> सोमवार ते शुक्रवार
> 5:45 ते 6:45 पहिला तास
> 6:45 ते 7:45 दुसरा तास
> 7:45 ला क्लास सुटतो. स्टँडपर्यंत चालत 10 मिनिटे.
> शनिवारी दुपारी 3 ते 4:30 चाचणी
> रविवारी सुट्टी

ही स्लाइड लिहिताना सरांची एक सवय उघडी पडली. गणित रंगात आलं की ते आठ वाजेपर्यंत शिकवत राहतात. जाहिरातीत 7:45 लिहायचं, तर 7:45 ला सोडावंच लागणार. ताईनं हॉलमधलं घड्याळ पाठीमागच्या भिंतीवर हलवलं, सरांना शिकवताना समोर दिसेल असं.

तिसरी स्लाइड: फी

फीची स्लाइड कुठं ठेवायची यावरून घरात दोन दिवस वाद चालला. सरांचं म्हणणं, आधी काय शिकवतो ते सांगू, शिक्षकांची ओळख करून देऊ, आणि मग शेवटी फी. ताईचं म्हणणं, भाव विचारायला लावणाऱ्या दुकानाची पायरी ती स्वतःसुद्धा चढत नाही. वहीतले सतरा फोन ताईच्या बाजूनं होते, म्हणून फी तिसऱ्या क्रमांकावर आली.

यापेक्षा अवघड होतं ते फी कशी लिहायची हे ठरवणं. पालकाला एकूण रक्कम हवी असते, पण घर चालवणाऱ्याचं लक्ष खरं म्हणजे कधी किती काढावे लागणार याच्याकडं असतं. जूनमध्ये वह्या, गणवेश, दप्तर असतं. गणपतीआधी आणखी खर्च असतो. दिवाळीत बोनस झाल्यावर हात जरा मोकळा होतो. हप्त्यांच्या तारखा हे बघून ठरवल्या.

> दहावी, गणित + विज्ञान, 2026-27
> एकूण फी 16,000 रुपये
> (15 जून ते 14 फेब्रुवारी, 8 महिने)
> प्रवेशाच्या वेळी 6,000
> 15 ऑगस्ट 5,000
> 15 नोव्हेंबर 5,000
> छापील नोट्स आणि चाचण्या यातच.
> याशिवाय कोणतीही रक्कम घेतली जात नाही.

शेवटची ओळ लिहिण्याआधी ताईला विचारलं, खरंच काही घेत नाहीस ना? ती जरा थांबली. सराव प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्ससाठी जानेवारीत दोनशे रुपये घ्यायची पद्धत होती. कुणी कधी तक्रार केली नव्हती, पण या ओळीखाली ते दोनशे बसत नव्हते. ते फीतच धरले, आणि जानेवारीत होणारी वसुली बंद झाली.

मोठ्या क्लासच्या जाहिरातीत इथंच एक बारीक चिन्ह असतं, ते पालकांनी बघून ठेवावं. कोचिंगवर 18 टक्के जीएसटी लागतो. वर्षाची उलाढाल 20 लाखांपर्यंत असलेल्या क्लासला मात्र त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. ताईकडं 36 मुलांचे मिळून 5 लाख 76 हजार होतात, म्हणजे तिला तो प्रश्नच नाही. पण एखाद्या मोठ्या क्लासनं '16,000' असं ठळक छापून शेजारी बारीक अक्षरात अधिकचं चिन्ह आणि जीएसटी लिहिलं असेल, तर पालकाच्या खिशातून 18,880 रुपये जातात. करासकट एकच आकडा लिहिणं हाच सरळ मार्ग. त्या केंद्रीय तत्त्वांतही अटी-शर्तींच्या खुलाशाचा टाइप मुख्य दाव्याइतकाच मोठा हवा असं म्हटलं आहे.

चौथी स्लाइड: मध्येच सोडलं तर

हा प्रश्न वहीत एकदाच होता, आणि विचारणाऱ्या बाईंनी तो फार संकोचून विचारला होता. यजमानांची बदली होण्याची शक्यता होती. बाकीच्यांच्या मनातही तो असणार, पण प्रवेश घेतानाच सोडायचं बोलणं बरं दिसत नाही म्हणून लोक गप्प राहतात. म्हणून हे क्लासनंच आधी लिहून टाकलेलं बरं.

> मध्येच क्लास सोडावा लागल्यास
> शिकवलेल्या महिन्यांची फी (दरमहा 2,000) वजा करून उरलेली रक्कम 10 दिवसांत परत.
> उदाहरण: 15 सप्टेंबरला सोडल्यास
> भरलेले 11,000
> 3 महिन्यांचे 6,000
> परत 5,000

नियम एका वाक्यात लिहिता येतो, पण तो वाचून प्रत्येक जण आपापला हिशेब करतो आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. सोडवलेलं एक उदाहरण दिलं की वाद उरत नाही. 16,000 ला आठ महिन्यांनी नीट भाग जातो, तो याचसाठी. ताईची आधीची फी 15,500 होती. हिशेब तोंडी करता यावा आणि झेरॉक्सचे दोनशेही त्यातच जिरावेत, म्हणून ती 16,000 केली.

दहा दिवसांचा आकडा आम्ही केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या कोचिंगविषयक मार्गदर्शक सूचनांतून घेतला. पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्यानं मध्येच सोडलं, तर उरलेल्या काळाचे पैसे दहा दिवसांत परत करावेत, असं त्या सांगतात. सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग केंद्रात प्रवेश देऊ नये, असंही त्यांत आहे. पण तिथंही व्याख्या पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थ्यांची आहे. छत्तीस मुलांची शिकवणी तिच्यात बसत नाही. तरी पैसे परत करण्याचा चांगला नियम उचलायला कुणाची आडकाठी नव्हती.

पाचवी आणि सहावी: काय शिकवणार, कोण शिकवणार

या दोन स्लाइड लवकर झाल्या. पाचवीवर अभ्यासक्रम 31 डिसेंबरपर्यंत संपेल आणि त्यानंतर पूर्ण सराव प्रश्नपत्रिका होतील, असं लिहिलं. एक ओळ मात्र ताईनं हट्टानं घातली. दहावीला गणितात भाग 1 आणि भाग 2 असे 40-40 गुणांचे लेखी पेपर असतात आणि उरलेले 20 गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. विज्ञानातही तसंच. 'आम्ही 80 गुणांच्या लेखी परीक्षेची तयारी करून घेतो, 20 गुण शाळेत मिळतात' ही ती ओळ. दरवर्षी निकालानंतर एखादे पालक अंतर्गत गुण कमी पडल्याचा जाब ताईला विचारायला येतात, ही ओळ त्यांच्यासाठी आहे.

सहावीवर दोघांची नावं, शिक्षण आणि कोण कोणता विषय शिकवतं एवढंच. सरांना तिथं मागच्या दहावीच्या मुलांचे फोटो आणि टक्के टाकायचे होते. केंद्रीय तत्त्वांनुसार विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी, आणि तीही निकाल लागल्यानंतर घेतलेली. प्रवेशाच्या अर्जातच सही करून ठेवलेली चालत नाही. शिवाय त्यानं कोणता कोर्स केला, किती मुदतीचा, फी भरून की मोफत, हेही सांगावं लागतं. ही मुलं तर अल्पवयीन, म्हणजे आईवडिलांना गाठणं आलं. दोन घरांतून होकार आला, तिसऱ्या घरी मुलगीच नको म्हणाली. तिच्याशिवाय उरलेल्या दोघांचे फोटो लावायचे सरांच्या जिवावर आलं, आणि फोटो राहिले ते राहिलेच.

सातवी स्लाइड: प्रवेश

जाहिरात बघून पटलं, तर उद्या नेमकं काय करायचं? बहुतेक ठिकाणी इथं 'त्वरा करा' असतं आणि पालक पुन्हा फोनवरच येतो. आम्ही कामाची यादी दिली:

> 1. 8, 9, 10 जून: मोफत डेमो तास, 5:45 ते 7:45
> 2. पटलं तर 11 ते 13 जून: प्रवेश, सकाळी 10 ते 12
> 3. सोबत आणा: नववीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स, एक फोटो, पहिला हप्ता 6,000
> 4. पावती लगेच मिळेल
> एकूण जागा 36

पैसे भरायचा क्यूआर कोड इथं छापावा, असं भाच्यानं सुचवलं. विचार चांगला होता, पण अडचणी दोन. पोस्ट ज्या फोनवर बघायची, त्याच फोननं ती स्कॅन कशी करणार? आधी चित्र साठवा, मग पैशांच्या ॲपमध्ये ते उघडा, एवढ्यात निम्मे पालक कंटाळतात. दुसरी अडचण मोठी. फॉरवर्ड होत फिरणाऱ्या चित्रातला क्यूआर कुणी बदलला तर कळायचं कसं? डेमो बघून, पावती हातात घेऊन पैसे द्यायचे, हे क्लाससाठी आणि पालकांसाठीही बरं.

आठवीवर पत्ता, खालच्या दुकानाची खूण आणि फोनची वेळ. फोन नंबर चित्रात असला तरी तो पोस्टखालच्या मजकुरात पुन्हा टाइप करायचा. मजकुराच्या पहिल्या एकदोन ओळीच न उघडता दिसतात. म्हणून तिथं 'नमस्कार पालकहो' न लिहिता इयत्ता, विषय आणि तारीख लिहिली.

अक्षरं

मजकूर झाला, चित्रं करायला घेतली. आकार 1080 बाय 1350 पिक्सेल, म्हणजे उभा. तो फोनच्या पडद्यावर जास्त जागा घेतो. संगणकावर सगळं सुरेख दिसत होतं, पण फोनवर फीची स्लाइड वाचायला ताईला चष्मा शोधावा लागला. 1080 पिक्सेलची रुंदी फोनवर जेमतेम सात सेंटिमीटर होते. म्हणजे 40 पिक्सेल उंचीचं अक्षर अडीच मिलिमीटरचं. आमचा बारीक मजकूर त्याहूनही लहान होता. देवनागरीला वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींत अंतरही जास्त लागतं. आम्ही अक्षरं वाढवली आणि स्लाइडवर मावत नव्हत्या त्या ओळी काढून टाकल्या.

मग जोडाक्षरं. 'येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी' हे पहिल्या फॉन्टमध्ये 'येणार्या' झालं होतं, आणि 'ल' व 'श' हिंदी वळणाचे आले होते. शिक्षकाच्या जाहिरातीत असा 'र्या' गेला तर पालक तोंडावर बोलत नाहीत, पण मनात नोंद करतात. मुक्ता नावाच्या फॉन्टमध्ये घेतल्यावर 'ऱ्या' नीट आला, आणि तोच ठेवला.

शेवटची परीक्षा ताईनं घेतली. खालच्या दुकानातल्या काकांना फक्त तिसरी स्लाइड दाखवून विचारलं, "काका, यात काय कळलं?" काका म्हणाले, "दहावीचं गणित-विज्ञान, सोळा हजार, तीन हप्त्यांत. पहिले सहा आत्ता द्यायचे." मग चष्मा वर सरकवून, "पण मध्येच सोडलं तर?" ताईनं पुढची स्लाइड दाखवली.

वही, यंदाची

पोस्ट गेली त्या आठवड्यात यंदा चौदाच फोन आले. मागच्यापेक्षा कमी म्हणून सर जरा खट्टू झाले. मी वही उघडली. फी विचारणारे दोघं, आणि दोघांनीही ती पोस्ट बघितली नव्हती. बाकीच्यांचे प्रश्न वेगळे होते. "डेमोला मी पण बसू का?" हे तिघांनी विचारलं होतं. ती ओळ सातव्या स्लाइडवर पुढच्या वर्षी येईल.

एका नोंदीसमोर ताईनं वेळ लिहिली होती, 25 मिनिटं. फोन एका वडिलांचा होता. मुलाला नववीत गणितात 38 गुण होते, आणि त्यांना विचारायचं होतं, "मॅडम, असल्या पोराला घेता का तुम्ही?" ताईनं त्यांना फी सांगितली नाही. ती त्यांना माहीत होती. पेपरात नेमकं कुठं अडलं, हे तिनं विचारून घेतलं आणि मुलाला फोनवर बोलावलं. 8 जूनच्या डेमोला तो दुसऱ्या बाकावर बसला होता.